दुसऱ्या फांदीवरचा आकडा

भाची सांगलीला विश्रामबागमध्ये राहून बारावी करते आणि जोडीला सीईटीची तयारी. मी साताऱ्यात. गणित अडलं की तिचा निरोप येतो तो शब्दांत नाही, फोटोत. खाली एक प्रश्नचिन्ह, बस्स. कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवून निवृत्त झालेल्या मावशीला एवढं पुरतं, असा तिचा समज आहे, आणि तो खोटा नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी तिनं पाठवलेला एक फोटो मात्र पुरेसा नव्हता. कुठल्याशा सराव प्रश्नपत्रिकेच्या झेरॉक्सची झेरॉक्स, तीही चार घड्या घालून दप्तरात ठेवलेली. वरून ट्यूबलाइट, पानावर मोबाइलची सावली. प्रश्न इंग्रजीत होता. मराठीत सांगायचा तर असा: पहिल्या पिशवीत ४ लाल आणि ३ काळे चेंडू आहेत. दुसऱ्या पिशवीत ३ लाल आणि ५ काळे. पहिल्या पिशवीतून न बघता एक चेंडू काढून तो दुसऱ्या पिशवीत टाकला. मग दुसऱ्या पिशवीतून एक चेंडू काढला, तो लाल निघाला. तर पहिलीतून दुसरीत गेलेला चेंडू काळा असण्याची संभाव्यता किती? पर्याय चार: ३/७, १/३, १/७ आणि ९/२५.

यातला दुसऱ्या पिशवीतल्या काळ्या चेंडूंचा ५ मी इथे बिनधास्त लिहिला; फोटोत तो नेमका घडीवर आला होता. कितीही मोठा करून पाहिला तरी ५ की ६ ते कळेना. मी फोन लावला.

"अगं, तो पाच आहे का सहा?"

"पाच असावा, मावशी. कागद मैत्रिणीकडे गेलाय. पण ते जाऊ दे, माझं उत्तर ३/७ येतंय आणि ते चूक असणार हे मला कळतंय."

"चूक का असणार?"

"इतकं सोपं विचारत नाहीत ना! पण मला दुसरं काही सुचतही नाही. चेंडू पहिल्या पिशवीतून आधीच काढून झालाय. तिथे ७ चेंडू, ३ काळे. नंतर दुसऱ्या पिशवीतून काय निघालं त्यानं आधी घडलेलं कसं बदलेल?"

हा प्रश्न वर्गात मी अनेकदा ऐकला आहे आणि तो मुळीच बाळबोध नाही. उलट ज्यांना तो पडत नाही ती मुलं सूत्रात आकडे भरून मोकळी होतात आणि पुढचा प्रश्न जरा वळवून आला की अडकतात. तिला म्हटलं, ही शंका बाजूला लिहून ठेव, उत्तर आलं की बघू.

वृक्षाकृती मी स्वतः काढून तिला फोटो पाठवू शकले असते. मुद्दाम पाठवली नाही. काढून झालेली वृक्षाकृती बघताना सगळंच उघड वाटतं. अडचण असते ती कोरा कागद समोर असताना पहिली फांदी कशाची काढायची, ही. म्हणून फोनवर मी सांगायचं आणि सांगलीत तिनं काढायचं, असं ठरवलं.

"कागद आडवा धर. डाव्या कडेला मधोमध एक ठिपका दे. आता सांग, सगळ्यात आधी काय घडतं?"

"चेंडू काढतात आणि दुसऱ्या पिशवीत टाकतात."

"त्याचे प्रकार किती?"

"दोन. लाल जाईल नाहीतर काळा जाईल."

"मग ठिपक्यापासून उजवीकडे दोन फांद्या. वरच्या टोकाला 'लाल गेला', खालच्या टोकाला 'काळा गेला'. फांदीवर आकडे लिही."

तिनं वर ४/७ आणि खाली ३/७ लिहिलं. दोन्हींची बेरीज १ होते का, ते आधी बघायला लावलं. एका ठिपक्यातून निघालेल्या फांद्यांची बेरीज १ झाली नाही तर एखादा प्रकार राहून गेलाय किंवा आकडा चुकलाय, आणि हे पुढे जाण्याआधी कळलेलं बरं.

"आता वरच्या टोकाशी जाऊन उभी राहा. तिथून पुन्हा दोन फांद्या: दुसरीतून लाल निघाला, काळा निघाला. लालवर किती लिहिशील?"

"३/८."

"कुठे उभी आहेस?"

थोडा वेळ शांतता. मग, "अरे हो, लाल आत गेलाय. ४ लाल झाले. आणि एकूण ९. म्हणजे ४/९."

मला सांगायचं असतं ते सगळं या एका जागी आहे. दुसऱ्या टप्प्यातल्या फांदीवरचा आकडा सुरुवातीला ठिपक्यापाशी बसून लिहायचा नसतो. पहिल्या फांदीच्या टोकाशी जाऊन, तिथे काय घडून गेलंय ते धरून, मग भोवती बघायचं आणि लिहायचं. ३/८ हा आकडा प्रश्नातून सरळ उचललेला होता. पण ज्या पिशवीत ३ लाल आणि एकूण ८ चेंडू आहेत, तिच्यातून या खेळात कुणी चेंडू काढतच नाही. पाठ्यपुस्तकात याला सशर्त संभाव्यता म्हणतात, क्लासमध्ये मुलं 'कंडिशनल' म्हणतात.

खालच्या टोकाशी ती आपणहून नीट उभी राहिली. काळा आत गेला तर लाल ३ च राहतात, एकूण ९. लालवर ३/९, काळ्यावर ६/९. वरच्या टोकाकडे काळ्यावर ५/९. मध्येच ती म्हणाली, "३/९ म्हणजे १/३ करते." मी करू दिलं नाही. वृक्षाकृतीत अपूर्णांकाला घाईनं संक्षिप्त रूप देऊ नये. छेद सारखे राहिले की पुढची बेरीज नुसती अंशांची होते, आणि चूक झाली तर डोळ्याला दिसते.

मग गुणाकार. इथे वर्गात हमखास कुणीतरी विचारायचं, की फांदीवरून पुढे जाताना गुणायचं का, मिळवायचं का नाही? सूत्र आहेच:

P(A ∩ B) = P(A) × P(B|A)

पण सूत्रानं 'का' ला उत्तर मिळत नाही. तिला मी पेठ नाक्याचं उदाहरण दिलं, कारण सांगली–सातारा रस्ता तिला पाठ आहे. साताऱ्याहून दक्षिणेला निघालेल्या गाड्यांपैकी काही पेठ नाक्याला इस्लामपूरकडे वळतात, बाकीच्या सरळ कोल्हापूरला जातात. वळलेल्यांतल्या काही आष्ट्याला थांबतात, बाकीच्या सांगली गाठतात. साताऱ्याहून निघालेल्या एकूण गाड्यांपैकी आष्ट्याला थांबलेल्या किती, तर वळलेल्या हिश्शाचा हिस्सा. हिश्शाचा हिस्सा काढायचा म्हणजे गुणायचंच.

"आता हाच खेळ ६३ वेळा खेळलो असं धर," मी म्हटलं. सात नव्वे त्रेसष्ट, म्हणून ६३. सरासरीनं ३६ वेळा लाल जाईल, २७ वेळा काळा. लाल गेलेल्या ३६ पैकी नऊला चार या हिशेबानं १६ वेळा लाल निघेल, २० वेळा काळा. काळा गेलेल्या २७ पैकी नऊला तीन, म्हणजे ९ वेळा लाल निघेल आणि १८ वेळा काळा. उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत चार टोकं झाली: १६, २०, ९, १८. बेरीज ६३. चारही टोकांची बेरीज पूर्ण भरली नाही तर कुठल्या तरी फांदीवरचा गुणाकार चुकला, हा दुसरा पडताळा.

"मग सांग, शेवटी लाल निघाला असं किती वेळा झालं?"

"१६ आणि ९. २५ वेळा."

"त्यातले काळा गेल्यानंतरचे किती?"

"नऊ. म्हणजे ९/२५!" आणि लगेच, "पण मावशी, बेझचा फॉर्म्युला तर लावलाच नाही."

तो लावून झाला होता. सूत्रात वर जो अंश लिहितात तो हा ९/६३, आणि खाली जी लांबलचक बेरीज लिहितात ती १६/६३ + ९/६३. सूत्र पाठ करायला माझी ना नाही. मात्र कुठला आकडा अंशात आणि कुठला छेदात, यात जो गोंधळ उडतो, तो टोकं समोर असली की उडत नाही. सीईटीच्या गणिताच्या पेपरात ९० मिनिटांत ५० प्रश्न असतात, आकृतीला वेळ कुठून आणायचा, असंही ती म्हणाली. सहा फांद्या काढायला अर्धं मिनिट लागतं. चुकलेला छेद शोधायला त्याहून जास्त.

मग मी तिला पर्याय पुन्हा वाचायला लावले. प्रश्न काढणाऱ्यानं ते आकडे हवेतून आणलेले नव्हते. चारही आमच्या कागदावर कुठे ना कुठे होते. ३/७ ही खालची पहिली फांदी: काळा जाण्याची शक्यता, लाल निघाला हे कळण्याआधीची. १/३ ही तिच्यापुढची फांदी: काळा गेला असेल तर लाल निघण्याची शक्यता. १/७ म्हणजे ९/६३, खालच्या वाटेचं टोक: काळा जाणं आणि लाल निघणं या दोन्ही गोष्टी घडण्याची शक्यता. आणि ९/२५ म्हणजे ते टोक, पण फक्त लाल निघालेल्या टोकांत मोजलेलं. चारही उत्तरं बरोबर आहेत, वेगवेगळ्या प्रश्नांची. यातल्या १/३ वर सर्वांत जास्त मुलं घसरतात. 'काळा गेला असता लाल निघणं' आणि 'लाल निघाला असता काळा गेलेला असणं' ही वाक्यं कानाला सारखी लागतात; कागदावर पाहिलं तर पहिली एक फांदी आहे आणि दुसरी फांदी नव्हेच. ती टोकांवरून मागे वळून बघताना मिळते.

आता तिची बाजूला लिहून ठेवलेली शंका. नंतर निघालेल्या चेंडूनं आधी गेलेला चेंडू बदलत नाही, हे तिचं म्हणणं खरंच आहे. बदलतं ते आपल्याला असलेलं ज्ञान. लाल निघाला हे कळल्यावर ६३ पैकी ३८ खेळ आपण बाद करतो, कारण त्यांत काळा निघाला होता. उरलेल्या २५ मध्येच बघायचं. लाल आत गेला असेल तर लाल निघणं जरा सोपं, म्हणून उरलेल्यांत लाल गेलेले खेळ जास्त टिकतात आणि काळा गेल्याची शक्यता ३/७ वरून, म्हणजे जवळपास ४३ टक्क्यांवरून, ३६ टक्क्यांवर उतरते. उत्तर ३/७ पेक्षा मोठं आलं असतं तर गणित न तपासताही चूक ओळखता आली असती.

राहिला तो घडीवरचा आकडा. तिला सांगितलं, ५ च्या जागी ६ घालून पुन्हा कर. दुसरीत आता चेंडू टाकल्यावर १० होतात. वरच्या वाटेनं लाल: ४/७ गुणिले ४/१०, म्हणजे १६/७०. खालच्या वाटेनं: ३/७ गुणिले ३/१०, म्हणजे ९/७०. खालच्याला दोन्हींच्या बेरजेनं भागलं तर पुन्हा ९/२५. फोनवर ती ओरडलीच. ज्या आकड्यापायी मी फोन केला होता, त्याचा या उत्तराशी काही संबंधच नव्हता. दोन्ही वाटांना छेद तोच लागतो आणि भागाकारात तो निघून जातो. उरतं ते ३ × ३ आणि ४ × ४. दुसऱ्या पिशवीत काळे चेंडू ५ असोत नाहीतर ५०, लाल निघाला असेल तर काळा गेल्याची शक्यता ९/२५ च. शेवटी काळा निघाला असता तर मात्र हा आकडा महत्त्वाचा ठरला असता.

आणि तो ५ च होता, हेही कागद न बघता कळतं. ६ असता तर खालची दुसरी फांदी ३/१० झाली असती आणि टोक ९/७०. पर्यायांत १/३ आणि १/७ आहेत. चुकीची उत्तरं काढणाऱ्यानं ५ धरूनच काढली होती.

मग तिनं विचारलं, पिशव्यांतले चेंडू सोडून हे कुठे येतं. मला उदाहरण शोधावं लागलं नाही. २०२० च्या सप्टेंबरात साताऱ्यात आणि सांगलीत करोना ऐन भरात होता तेव्हा आमच्या शेजारच्या काकांना ताप आणि खोकला होता. अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तर डॉक्टर म्हणाले, आरटीपीसीआर करून घ्या. घरच्यांना तो पैसे काढण्याचा प्रकार वाटला. मी त्यांच्या ओट्यावर बसून कागदावर हीच वृक्षाकृती काढून दाखवली होती.

आयसीएमआरनं १४ जून २०२० ला अँटिजेन चाचणीला परवानगी देताना मोजलेले आकडे जाहीर केले होते. लागण नसलेल्याला ती चाचणी ९९.३ ते १०० टक्के वेळा बरोबर निगेटिव्ह दाखवत होती. लागण झालेल्याला पकडण्याचं प्रमाण मात्र ५०.६ ते ८४ टक्के इतकंच होतं. लक्षणं असून निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करा, ही सूचना याच दुसऱ्या आकड्यातून आली.

मधला आकडा म्हणून ६० टक्के धरू. ताप-खोकला असलेली १०० माणसं, त्या लाटेत त्यांतल्या ४० जणांना लागण आहे असं मानू. पहिल्या फांद्या ४० आणि ६०. लागण झालेल्या ४० पैकी २४ पॉझिटिव्ह, १६ निगेटिव्ह. लागण नसलेले ६० जवळपास सगळे निगेटिव्ह. निगेटिव्ह कागद हातात असलेले एकूण ७६, त्यांतले १६ खरे तर बाधित. पाचात एक. आता लक्षणं नसलेली, नुसती संपर्कात आलेली १०० माणसं घ्या, त्यांतल्या ५ जणांना लागण आहे असं माना. ३ पकडले जातील, २ सुटतील, आणि निगेटिव्ह ९७ मध्ये बाधित २. पन्नासात एक. चाचणी तीच, दुसऱ्या टप्प्यातल्या फांद्यांवरचे आकडे तेच. पहिल्या फांद्या वेगळ्या, म्हणून त्याच निगेटिव्ह कागदाचा अर्थ वेगळा.

४० आणि ५ हे मी मानलेले आकडे आहेत, हे काकांच्या मुलालाही सांगितलं होतं आणि भाचीलाही. त्या वेळी गल्लीत नेमकी किती लागण होती हे कुणालाच मोजता आलेलं नव्हतं. ४० च्या जागी ३० घातले तर १२ भागिले ८२, म्हणजे सातात एक येतं. आकडा हलतो, पण आरटीपीसीआर करावी की नाही हा निर्णय हलत नाही.

काकांच्या मुलानं तेव्हा विचारलेला प्रश्न भाचीनंही आपणहून विचारला: "मग अँटिजेनच दोनदा करायची ना? एकदा सुटण्याची शक्यता ४० टक्के, दोनदा सुटण्याची ०.४ गुणिले ०.४, १६ टक्के."

"दुसऱ्या फांदीवर ०.४ कुठे उभं राहून लिहिलंस?"

या वेळी ती लवकर सावरली. पहिल्यांदा निगेटिव्ह आलेल्या बाधितांच्या टोकाशी उभं राहिलं की तिथे कोण आहेत? ज्यांच्या नाकात विषाणू कमी आहेत, किंवा जे आजाराच्या फार सुरुवातीला किंवा शेवटाला आहेत, असेच बहुतेक. त्याच दिवशी त्याच पद्धतीची चाचणी पुन्हा केली तर त्यांतले ४० टक्केच सुटतील असं नाही, त्याहून बरेच जास्त सुटतील. किती, हे पहिल्या चाचणीच्या आकड्यांतून निघत नाही. दोनदा तपासलेल्या माणसांचीच नोंद हवी. चेंडूच्या गणितात ८ चे ९ झाले ते पिशवीत डोकावून मोजता येतं. इथे डोकावता येत नाही, म्हणून पहिल्याच फांदीचा आकडा पुढे उतरवण्याचा मोह होतो, आणि गुणाकार बिनचूक करूनही उत्तर चुकतं. आरटीपीसीआरमध्ये नमुन्यातल्या विषाणूच्या जनुकीय अंशाच्या पुन्हा पुन्हा प्रती काढून मग तो शोधतात, त्यामुळे अँटिजेनच्या हातून सुटलेला थोडासा विषाणूही सापडण्याची शक्यता बरीच वाढते. डॉक्टरांनी तीच चाचणी पुन्हा न सांगता वेगळी सांगितली ती त्यासाठी.

काकांची आरटीपीसीआर पॉझिटिव्ह आली होती. त्यावरून वृक्षाकृती बरोबर ठरली असं काकांचा मुलगा पुढे बरेच दिवस सांगत होता. मी त्याला दर वेळी म्हणायचे, निगेटिव्ह आली असती तरी ती बरोबरच होती. पाचात चार वेळा तेच व्हायचं होतं.